व्हिडिओ कापला की सबटायटलचे घड्याळ

सबटायटलची फाइल आणि व्हिडिओची फाइल एकत्र चालताना दिसतात, पण त्यांच्यात प्रत्यक्ष धागा नसतो. पडद्यावर कोण बोलत आहे, ओठ हलत आहेत की नाहीत, याचा सबटायटलच्या फाइलला पत्ता नसतो. अमुक ओळ सुरुवातीपासून इतक्या वेळाने दाखवायची आणि तितक्या वेळाने काढायची, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. हे सगळे हिशेब व्हिडिओच्या पहिल्या क्षणापासून, म्हणजे शून्यापासून मोजलेले असतात. लांबलचक व्हिडिओतून एखादा भाग कापून वेगळा केला की त्या तुकड्याचे शून्य नव्या जागी येते, सबटायटलचे शून्य मात्र जुन्याच जागी राहते. तुकड्यावर सबटायटल चुकतात ते या दोन शून्यांतल्या अंतरामुळे. हे अंतर नेमके किती, हे शोधून प्रत्येक ओळीच्या वेळेतून वजा केले की काम होते. वजाबाकी सोपी आहे. घोळ होतो तो नेमके अंतर ठरवताना.

सबटायटलचा सर्वाधिक वापरात असलेला प्रकार म्हणजे एसआरटी. डीव्हीडीवरची सबटायटल उतरवून घेणाऱ्या सबरिप नावाच्या प्रोग्रामवरून हे नाव आले. ही फाइल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्येही उघडते. दोन तासांच्या एका व्याख्यानाचे चित्रीकरण आहे, विषय जलसंधारणाचा आहे, आणि त्यातला ४७ मिनिटे १२ सेकंदांपासून ५५ मिनिटे ४० सेकंदांपर्यंतचा भाग वेगळा काढायचा आहे, असे धरू. त्या जागी मूळ फाइल अशी दिसेल:

```
611
00:47:10,400 --> 00:47:13,900
पाणी अडवले तरी ते जिरेलच असे नाही,

612
00:47:14,250 --> 00:47:17,800
खाली अखंड पाषाण असेल तर ते तसेच वाहून जाते.
```

प्रत्येक नोंदीत आधी क्रमांक, मग सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मग मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ असते. वेळ तास, मिनिटे, सेकंद अशी लिहिलेली असते आणि स्वल्पविरामानंतरचे तीन अंक मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचे असतात. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ बहुधा वेगळ्या रीतीने दिसते, आणि पहिली चूक तिथेच होऊ शकते. तिथे `00:47:12:12` असे दिसले, तर शेवटचे १२ हे मिलिसेकंद नसून फ्रेमची संख्या असते. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणून १२ फ्रेम म्हणजे ४८० मिलिसेकंद. एसआरटीमध्ये ही वेळ `00:47:12,480` अशी लिहावी लागते. ते १२ तसेच उचलून `,012` किंवा `,120` लिहिले, तर जवळजवळ अर्ध्या किंवा एक तृतीयांश सेकंदाची चूक सुरुवातीलाच होऊन बसते.

आपल्या उदाहरणात तुकडा बरोबर ४७ मिनिटे १२ सेकंदांना सुरू होतो असे आधी मानू. मग हिशेब सरळ आहे. ६१२ व्या नोंदीच्या दोन्ही वेळांमधून ४७ मिनिटे १२ सेकंद वजा केले की ती २.२५ सेकंदांना येते आणि ५.८ सेकंदांना जाते. पुढच्या सगळ्या नोंदींचेही तसेच. ६१० आणि त्याआधीच्या नोंदी तुकड्यात येतच नाहीत, त्यामुळे त्या काढून टाकायच्या. शेवटी ५५ मिनिटे ४० सेकंदांनंतर सुरू होणाऱ्या नोंदीही गळतात. तुकड्याची लांबी ८ मिनिटे २८ सेकंद, म्हणजे ५०८ सेकंद भरते.

उरली ६११ वी नोंद. ती कापाच्या १.६ सेकंद आधी सुरू होते आणि कापानंतर १.९ सेकंदांनी संपते, म्हणजे कापाच्या रेषेवर आडवी पडली आहे. तिच्या सुरुवातीतून वजाबाकी केली की उत्तर उणे येते, आणि एसआरटीमध्ये उणे वेळेला जागाच नाही. अशा नोंदीची सुरुवात शून्यावर आणून ठेवायची आणि शेवट हिशेबाप्रमाणे येईल तोच ठेवायचा:

```
1
00:00:00,000 --> 00:00:01,900
पाणी अडवले तरी ते जिरेलच असे नाही,

2
00:00:02,250 --> 00:00:05,800
खाली अखंड पाषाण असेल तर ते तसेच वाहून जाते.
```

मात्र वेळ बसली म्हणजे ओळ बसली असे नाही. तुकड्यात वक्त्याच्या वाक्याचा शेवटचा अर्धाच भाग ऐकू येतो, पण पडद्यावर वाक्य पूर्ण दिसते. १.९ सेकंदांत एवढी ओळ वाचून होते, म्हणून इथे ती ठेवायला हरकत नाही. कापानंतर तिचे दोन-तीन दशांश सेकंदच उरले असते, तर ती नुसती लुकलुकून गेली असती. तेव्हा ती काढून टाकणे बरे, किंवा त्याहून चांगले म्हणजे कापच थोडा अलीकडे घेऊन वाक्य पूर्ण येऊ देणे. सबटायटल असलेल्या व्हिडिओत कापाची जागा ठरवताना दोन नोंदींमधली मोकळी फट शोधली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. आपल्या उदाहरणात ६१० वी नोंद संपल्यानंतर आणि ६११ वी सुरू होण्याआधीची जागा त्यासाठी योग्य ठरली असती.

नको असलेल्या नोंदी काढण्याचा आणि वेळ सरकवण्याचा क्रमही पाळावा लागतो. आधी गाळायचे, मग सरकवायचे. पूर्ण फाइल एकदम ४७ मिनिटांनी मागे ओढली, तर आधीच्या सगळ्या नोंदींच्या वेळा उणे होतात. काही साधने अशा वेळा मुकाट्याने शून्यावर आणून ठेवतात. मग तुकडा सुरू होताच शेकडो ओळी एकाच क्षणी पडद्यावर आदळतात. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये नको त्या नोंदी निवडून काढता येतात आणि उरलेल्या `Synchronization` मेनूतल्या `Adjust all times` या सोयीने एकत्र मागे नेता येतात. एजिसबमध्ये याच कामाला `Shift Times` म्हणतात. फाइल जतन करताना एन्कोडिंग `UTF-8` ठेवले नाही, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच चिन्हे दिसू लागतात. तो वेळेचा दोष नाही, पण तोही याच टप्प्यावर घडतो.

एवढे सगळे नीट केल्यावरही बऱ्याचदा सबटायटल दोन-चार सेकंद पुढे-मागे निघतात. वजाबाकी पुन्हा तपासली तरी चूक सापडत नाही, कारण चूक आकड्यांत नसते. तुकडा ४७ मिनिटे १२ सेकंदांना सुरू झाला, हे गृहीतच चुकीचे असते.

याचे कारण व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक फ्रेमचे पूर्ण चित्र साठवले तर फाइल अवाढव्य होईल. म्हणून एक फ्रेम पूर्ण साठवतात आणि तिच्यानंतरच्या कित्येक फ्रेमच्या बाबतीत फक्त काय बदलले एवढेच नोंदवतात. पूर्ण साठवलेल्या फ्रेमला की-फ्रेम म्हणतात. व्याख्यानाच्या चित्रीकरणात मागचा पडदा आणि समोरचे टेबल तेच राहते, हलतो तो वक्त्याचा हात आणि चेहरा. त्यामुळे दोन की-फ्रेममध्ये बरेच अंतर राहिले तरी चालते. एक्स२६४ या प्रचलित एन्कोडरमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे हे अंतर जास्तीत जास्त २५० फ्रेम असते. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ते १० सेकंद होतात.

व्हिडिओ कापण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत चित्र पुन्हा एन्कोड न करता मूळ फाइलमधला मजकूर जसाच्या तसा उचलला जातो. हे काम काही सेकंदांत होते आणि चित्राची प्रत जराही घसरत नाही. एफएफएमपेग या प्रोग्राममध्ये ती आज्ञा अशी:

```
ffmpeg -ss 00:47:12 -i vyakhyan.mp4 -t 508 -c copy tukda.mp4
```

पण चित्राला हात न लावता कापायचे, तर तुकड्याची सुरुवात की-फ्रेमपासूनच करावी लागते. मधल्या एखाद्या फ्रेमपासून सुरू केले, तर ‘काय बदलले’ याची नोंद हाती येते, पण ‘कशात बदलले’ हे सांगणारे चित्रच मागे राहते. म्हणून प्रोग्राम मागितलेल्या वेळेच्या अलीकडची की-फ्रेम गाठतो आणि तिथून उचलायला लागतो. ती की-फ्रेम कुठे आहे हे एफएफप्रोब सांगतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
 -read_intervals 47:00%47:20 \
 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 vyakhyan.mp4
```

उत्तरात सेकंदांतले आकडे येतात. आपल्या उदाहरणात ते असे निघाले असे धरू:

```
2818.480000
2828.480000
2838.480000
```

४७ मिनिटे १२ सेकंद म्हणजे २८३२ सेकंद. त्याच्या अलीकडची की-फ्रेम २८२८.४८ सेकंदांवर, म्हणजे ४७ मिनिटे ८.४८ सेकंदांवर आहे. तुकडा मागितला त्यापेक्षा ३.५२ सेकंद आधी सुरू झाला. सबटायटलमधून मात्र मागितलेली वेळ वजा झाली, म्हणून प्रत्येक ओळ बोलण्याच्या ३.५२ सेकंद आधीच पडद्यावर येते. उपाय एवढाच की वजा करायचा आकडा बदलायचा. ४७ मिनिटे १२ सेकंदांऐवजी ४७ मिनिटे ८.४८ सेकंद वजा केले की ६१२ वी नोंद ५.७७ सेकंदांना येते आणि बोलण्याशी जुळते. या हिशेबात ६११ वी नोंदही पूर्ण मावते. ती १.९२ सेकंदांना सुरू होऊन ५.४२ सेकंदांना संपते.

एमपी४ फाइलच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. तुकड्याच्या सुरुवातीचे ते जादा ३.५२ सेकंद फाइलमध्ये असतात, पण ‘यातले इतके दाखवू नका’ अशी सूचनाही फाइलमध्ये लिहिलेली असू शकते. ही सूचना मानणारा प्लेअर तुकडा मागितलेल्या जागेपासून दाखवतो. न मानणारा प्लेअर तो की-फ्रेमपासून दाखवतो. एकाच जोडीतले सबटायटल एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर साडेतीन सेकंद चुकलेले दिसले, तर पहिला संशय इथे घ्यावा. अशा फाइलसाठी सबटायटल जुळवत बसण्यात अर्थ नसतो, कारण एकीकडे जुळले की दुसरीकडे बिघडते.

अशा वेळी दुसरी रीत वापरतात. तिच्यात चित्र आणि ध्वनी पुन्हा एन्कोड होतात:

```
ffmpeg -ss 00:47:12 -i vyakhyan.mp4 -t 508 -c:v libx264 -c:a aac tukda.mp4
```

इथेही प्रोग्राम अलीकडच्या की-फ्रेमपासूनच वाचायला सुरुवात करतो, पण मधल्या फ्रेम स्वतःशी उलगडून टाकून देतो आणि मागितलेल्या फ्रेमपासून नवा तुकडा लिहितो. पहिलीच फ्रेम नवी की-फ्रेम बनते. काप नेमका येतो आणि वजाबाकीला मागितलेलीच वेळ चालते. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वेळ जास्त लागतो आणि पुन्हा दाबल्यामुळे चित्राचा दर्जा किंचित उतरतो. आठ मिनिटांच्या तुकड्यासाठी ही किंमत फारशी नाही. दोन तासांच्या मूळ फाइलमधून फक्त सुरुवातीची पाच मिनिटे वगळायची असतील, तर मात्र पहिली रीतच सोयीची ठरते. तेव्हा कापाची वेळच की-फ्रेमवर ठेवायची आणि तोच आकडा सबटायटलमधूनही वजा करायचा.

कुणी दुसऱ्याने कापलेला तुकडा हाती आला आणि तो कोणत्या रीतीने कापला हे ठाऊक नसले, तरीही खरे अंतर मोजता येते. तुकड्यात सहज ओळखता येईल असा एखादा क्षण शोधायचा. टाळी वाजली, ग्लास टेबलावर ठेवला, ठसक्यात एखादा शब्द उच्चारला, असे काहीही चालेल. तो क्षण मूळ व्हिडिओत किती वाजता येतो आणि तुकड्यात किती वाजता येतो हे नोंदवायचे. दोन वेळांतला फरक हेच दोन शून्यांतले अंतर. व्हीएलसी प्लेअरमध्ये `G` आणि `H` या कळांनी सबटायटल ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने अलीकडे-पलीकडे करता येतात. कान आणि डोळा जुळेपर्यंत कळ दाबायची आणि पडद्यावर दिसलेला आकडा फाइलमध्ये कायमचा उतरवायचा. नुसती कळ दाबून थांबले, तर फाइल बदललेली नसते, आणि ती दुसरीकडे उघडली की जुनीच चूक समोर येते.

तुकडा बाहेर काढण्याऐवजी लांब व्हिडिओच्या मधला भाग गाळायचा असेल, तर हिशेब थोडा वेगळा होतो. त्याच व्याख्यानात ५८ व्या मिनिटापासून १ तास १३ मिनिटांपर्यंत चहापानाची १५ मिनिटे चित्रित झाली आहेत आणि ती वगळायची आहेत, असे समजू. ५८ मिनिटांपूर्वीच्या नोंदींना हात लावायचा नाही. त्या १५ मिनिटांतल्या नोंदी काढून टाकायच्या. १ तास १३ मिनिटांनंतरची प्रत्येक नोंद १५ मिनिटे अलीकडे आणायची. मूळ व्हिडिओत १ तास २० मिनिटांना येणारी ओळ आता १ तास ५ मिनिटांना येईल. गाळायच्या जागा दोन-तीन असतील, तर काम शेवटाकडून सुरुवातीकडे करत आणावे. सर्वांत शेवटची जागा आधी गाळून तिच्या पुढच्या नोंदी सरकवल्या, तर तिच्या आधीच्या सगळ्या वेळा मूळ व्हिडिओप्रमाणेच राहतात आणि टिपून ठेवलेले आकडे तसेच वापरता येतात. सुरुवातीकडून काम केले, तर प्रत्येक गाळणीनंतर पुढच्या सगळ्या जागांची वेळ नव्याने काढावी लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी बेरजेत चूक होतेच.

काही वेळा कोणताही एक आकडा वजा करून सबटायटल जुळत नाहीत. तुकड्याच्या सुरुवातीला जुळवले तर शेवटी चुकतात, शेवटी जुळवले तर सुरुवातीला. हा दोष कापण्यातून आलेला नसतो, तो मूळ जोडीतच असतो आणि कापल्यावर लक्षात येतो. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चित्रित होतात. भारतासह ज्या देशांत टीव्हीची २५ फ्रेमची पद्धत होती, तिथे प्रक्षेपणासाठी चित्रपट किंचित वेगाने, सेकंदाला २५ फ्रेम चालवण्याची रीत होती. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. अशा वेगवान प्रतीसाठी लिहिलेली सबटायटल २४ फ्रेमच्या प्रतीला लावली, की ती पुढे-पुढे धावू लागतात. ४७ मिनिटे १२ सेकंदांच्या जागी ती सुमारे ११३ सेकंद आधी येतात. तिथून पुढच्या ५०८ सेकंदांच्या तुकड्यात आणखी सुमारे २० सेकंदांचा फरक पडतो.

इथे आधी ताणायचे आणि मग वजा करायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ पूर्ण फाइलमधली प्रत्येक वेळ २५ भागिले २४ ने, म्हणजे १.०४१६७ ने गुणली की ती २४ फ्रेमच्या प्रतीशी जुळते. सबटायटल एडिटमध्ये हे काम `Change frame rate` करते. त्यानंतर कापाची वेळ वजा करायची. आधी वजा करून मग ताणले, तर वजा केलेला आकडा न ताणलेल्या वेळांना लागू पडत नाही, आणि सुमारे ११८ सेकंदांची चूक मुरते. मूळ फाइल हाताशी नसेल आणि फक्त चुकलेला तुकडा असेल, तर त्याच प्रोग्राममधली `Point sync` ही सोय उपयोगी पडते. तिच्यात सुरुवातीची एक ओळ आणि शेवटची एक ओळ बरोबर जागी नेऊन ठेवायची. मधल्या सगळ्या ओळी त्या प्रमाणात आपोआप ताणल्या किंवा आकसल्या जातात.

कोणता दोष आहे हे ओळखण्यासाठी तुकडा तीन जागी तपासावा लागतो: पहिल्या मिनिटात, मध्ये आणि शेवटच्या मिनिटात. तिन्ही जागी चूक तेवढीच भरली, तर शून्य चुकले आहे आणि एक वजाबाकी पुरते. चूक हळूहळू वाढत गेली, तर वेग जुळत नाही आणि फाइल ताणावी लागेल. एका ठिकाणापर्यंत सगळे बरोबर आणि तिथून पुढे एकदम चूक, अशी पायरी दिसली, तर त्या ठिकाणी काहीतरी गाळलेले किंवा जोडलेले आहे, ज्याची सबटायटलमध्ये दखल घेतलेली नाही. अशा वेळी फक्त त्या पायरीच्या पुढच्या नोंदी निवडून सरकवायच्या. पूर्ण फाइल सरकवली, तर पुढचे जुळते आणि मागचे बिघडते.

हा सगळा खटाटोप टाळण्याची वाटही आहे, पण ती कापण्यापूर्वीच धरावी लागते. सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता आधी एमकेव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये व्हिडिओबरोबर एकत्र बांधली आणि मग ती फाइल एमकेव्हीटूलनिक्सने कापली, तर चित्र, ध्वनी आणि सबटायटल तिन्ही एकाच शून्यावरून मोजली जातात. काप की-फ्रेमवरच पडतो, पण सबटायटलही त्याच जागेपासून मोजली जात असल्याने जुळणी टिकते. कापाच्या रेषेवर आडवी पडलेली पहिली ओळ तेवढी आली की गळली हे पाहून घ्यावे लागते. दुसरी वाट म्हणजे सबटायटल चित्रातच कायमची छापून घेणे. मग ती चित्राचाच भाग होतात आणि कुठेही कापले तरी चुकत नाहीत. पण ती बंद करता येत नाहीत, त्यात दुरुस्ती करता येत नाही आणि दुसऱ्या भाषेतली सबटायटल लावायची झाली तर ती जुन्या अक्षरांवर चढतात.